एक्कावन्न चौकोन

लखनौच्या त्या शाळेत मला लागून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मी तीन मुलींना नकलेच्या आरोपाखाली उभं केलं. दुसऱ्या कोणी नाही, मीच. आज इतक्या वर्षांनी सांगताना 'आम्ही' म्हणावंसं वाटतं, 'शाळेने' म्हणावंसं वाटतं. पण पालकांना गेलेली चिठ्ठी माझ्या अक्षरात होती आणि खाली सही माझी होती.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. यजमानांची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून तिकडे गेलो होतो. निशातगंजमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. बी.एस्सी. बी.एड. असून घरी बसायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून चालत जाता येईल अशा मुलींच्या शाळेत सहावीचं गणित घेतलं. हिंदी माझं बेताचं. 'भूमिती'ला तिकडे 'ज्यामिति' म्हणतात, 'क्षेत्रफळा'ला 'क्षेत्रफल', इथवर ठीक होतं. पण उत्तरपत्रिकेला ते लोक 'कॉपी' म्हणत. पहिल्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, "आपकी कॉपियाँ कहाँ हैं?" आणि मी घाबरून म्हणाले की माझ्या वर्गात कुणी कॉपी करत नाही. सगळा स्टाफरूम हसला. सगळ्यांत जास्त हसल्या त्या गणिताच्या मुख्य बाई.

या बाईंना सगळे 'दीदी' म्हणत. शाळेत त्यांची वीस-बावीस वर्षं झाली होती. सहावीच्या तीनही तुकड्यांचा पेपर त्या काढत, उत्तरतालिका त्याच लिहीत, आणि आम्ही बाकीच्यांनी त्या तालिकेशी पडताळून तपासायचं. सहामाहीच्या आधी उजळणीचा तासही त्याच घेत, तीनही तुकड्या हॉलमध्ये बसवून. मी नवीन, परप्रांतातली, हिंदीत अडखळणारी. त्यांनी मला सांभाळून घ्यावं एवढीच माझी इच्छा होती. या इच्छेचा मला आज फार राग येतो.

सहामाहीच्या पेपरात शेवटचा प्रश्न चार गुणांचा होता. सायक्लोस्टाईल केलेल्या कागदावर चौकोनांची जाळी आणि त्यावर एक आकृती. एक चौकोन म्हणजे एक चौरस सेंटिमीटर. खाली नऊ चौकोन लांब आणि चार चौकोन उंच असा आयत. त्याच्या वर डाव्या टोकाला तीन बाय तीनचा चौरस. त्या चौरसाला लागून, आयताच्याच माथ्यावर, उतरत्या छपरासारखा एक त्रिकोण, त्याचा पाया चार चौकोन. उतरत्या रेघेवर छापलं होतं '५ सेमी'. आकृतीचे भाग पाडा आणि एकूण क्षेत्रफळ काढा, असा प्रश्न.

तालिकेत उत्तर होतं पंचावन्न.

माझ्याकडे बेचाळीस उत्तरपत्रिका. बहुतेक मुलींचं पंचावन्न आलेलं, काहींचं काहीतरी भलतंच, कुणी सगळ्या बाजूंची नुसती बेरीज केलेली. मी भराभर बरोबर-चूक करत चालले होते. आणि मग एकापाठोपाठ तीन पेपर असे आले की ज्यांत उत्तर होतं एक्कावन्न. तिघींची आकृती सारख्याच रेघांनी तोडलेली. तिघींचे आकडे सारखेच, छत्तीस, नऊ आणि सहा. मी बैठकीचा तक्ता काढून पाहिला. तिघी एकाच रांगेत, एकीच्या मागे एक.

बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं. चुकीचं उत्तर मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं, आणि ते तिघींचं एकच आलं तर समजायचं की पेपर इकडून तिकडे गेले. हे मला बी.एड.ला शिकवलं होतं. मला स्वतःच्या हुशारीचा केवढा अभिमान वाटला! तीन महिन्यांत मला पहिल्यांदा दीदींकडे काहीतरी घेऊन जाण्यासारखं सापडलं होतं. आकृतीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तालिका समोर होती, तर आकृतीकडे पाहायचं कशाला?

दीदींनी तिन्ही पेपर हातात घेतले, उत्तर पाहिलं, आणि म्हणाल्या की तुमची नजर चांगली आहे. मग तिघींना स्टाफरूममध्ये बोलावलं.

तिघी 'चौक' नावाच्या जुन्या वस्तीतल्या. एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच टेंपोने नदी ओलांडून येणाऱ्या. दोघी येताक्षणीच रडायला लागल्या. तिसरी रडली नाही. बारीक, सावळी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहणारी मुलगी. वर्गात ती कधी हात वर करायची नाही, म्हणून मला तिचं काही विशेष लक्षातही नव्हतं.

मी विचारलं की कुणी कुणाचं पाहिलं. तिने सांगितलं, कुणीच नाही. मग तिघींचं सारखं कसं? ती म्हणाली, आम्ही एकत्र अभ्यास करतो. उजळणीच्या दिवशी त्यांच्याकडचा रस्ता बंद होता, टेंपो आला नव्हता, म्हणून तिघींनी तिच्या घरी बसून पुस्तकातल्या आकृत्या सोडवल्या होत्या. दीदी म्हणाल्या, म्हणजे उजळणीलाही नव्हत्या, आणि उत्तरही चुकीचं. ती मुलगी दीदींकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली.

"मिस, ग़लत नहीं है। ये तो कली है। एक पट्टी में दो निकलती हैं। आप गिन लीजिए।"

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. कली म्हणजे फुलाची कळी, एवढंच माझ्या डोक्यात. मला वाटलं ती फाजीलपणा करतेय. स्टाफरूममध्ये चार बायका बघत होत्या, दीदी बघत होत्या. मी आवाज चढवून तिला म्हणाले की मोठ्यांना गिनती शिकवतेस का? दोघींचं रडणं वाढलं. मग दीदींनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. या तीन विद्यार्थिनींनी परीक्षेत नक्कल केली आहे, पेपरला शून्य देण्यात येत आहे, पालकांनी सोमवारी सकाळी दहा वाजता हजर राहून माफीनामा द्यावा. माझं हिंदी कच्चं म्हणून दीदींनी दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली.

ते शुक्रवारी झालं. रविवारी सकाळी मी स्वतःचे दोन परकर बेतायला बसले होते. तिकडे तयार परकर मिळायचे ते मला आखूड व्हायचे, म्हणून घरीच शिवायचे. सहा कळ्यांचा परकर, म्हणजे वर निमुळते होत जाणारे सहा तिरके तुकडे जोडलेला. कापड जमिनीवर पसरलं, पट्टी आखली, आणि पट्टीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी रेघ मारताना खडू माझ्या हातात थांबला.

एका पट्टीतून दोन कळ्या.

मी कापड तसंच टाकून पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली. त्रिकोणाचा पाया चार. उंची किती? उंची मोजायची ती उभी, चौरसाच्या बाजूने. चौरस तीनचा, म्हणजे उंची तीन. चार गुणिले तीन बारा, त्याचं निम्मं सहा. छत्तीस, नऊ आणि सहा, एक्कावन्न. मग पंचावन्न कुठून आलं? पंचावन्नातून पंचेचाळीस वजा केले तर त्रिकोणाला दहा उरतात. दहा म्हणजे चार गुणिले पाचचं निम्मं. पाच ही तिरकी बाजू. दीदींनी उतरत्या रेघेलाच उंची धरलं होतं.

तरीही मी विश्वास ठेवला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मला वाटलं, बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंकडून अशी चूक होणार नाही, माझंच काहीतरी सुटतंय. म्हणून मी आकृती दुसऱ्या तऱ्हेने तोडली. वरून खाली उभे काप घेतले. डावीकडचा तीन रुंद, सात उंच, एकवीस. मधल्या पट्ट्यात खाली चार चोक सोळा आणि वर त्रिकोणाचे सहा. उजवीकडे राहिलेला दोन बाय चार, आठ. एकवीस, सोळा, सहा, आठ. एक्कावन्न.

मग बाहेरून. सगळ्या आकृतीभोवती नऊ बाय सातची एक मोठी चौकट काढली, त्रेसष्ट. तीतून जे आकृतीत नाही ते काढायचं. वर उजवीकडे दोन बाय तीनचा कोपरा, सहा, आणि उताराच्या वरचा उलटा त्रिकोण, सहा. बारा गेले, एक्कावन्न.

आणि शेवटी ती म्हणाली होती ते केलं. मोजले. पेन्सिलीच्या टोकाने एकेक चौकोन ठिपका देत. आयताचे छत्तीस, चौरसाचे नऊ. त्रिकोणात अख्खे चौकोन फक्त तीन. तिरक्या रेघेने कापलेले सहा. त्यातल्या तीन चौकोनांचा अर्ध्याहून जास्त भाग आत होता आणि उरलेल्या तीन चौकोनांचा अर्ध्याहून कमी. जास्त असेल तर एक धरायचा, कमी असेल तर सोडायचा, हा नियम मीच वर्गात फळ्यावर लिहिला होता. तीन धरले, तीन सोडले. अख्खे तीन आणि धरलेले तीन, सहा. नीट पाहिलं तर सुटलेला प्रत्येक तुकडा धरलेल्या एकेका चौकोनाच्या रिकाम्या जागेत बरोबर बसत होता.

आणखी एक गोष्ट तर पेन्सिलीशिवायही दिसत होती. तो त्रिकोण ज्या चार बाय तीनच्या जागेत बसला होता, ती सगळी जागाच बारा चौकोनांची होती. त्यातले दहा त्रिकोणाचे असते तर ती जागा जवळपास भरलेली दिसली असती. ती तर अर्धी रिकामी होती. सहावीतल्या पोरीला ते दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं.

यजमान वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आकृती पाहिली, मान हलवली, एक्कावन्नच म्हणाले. मग म्हणाले, "अगं, पण आता तू काय करणार? दोन वर्षांत आपली बदली होईल. चार मार्कांचा तर प्रश्न आहे." मी त्यांच्यावर जी ओरडले ती खाली घरमालकिणीला ऐकू गेली असणार. चार मार्कांचा प्रश्न नव्हता. तिघी चोर ठरल्या होत्या, त्या मी ठरवल्या होत्या, आणि त्यांनी चोरलं काय, तर बरोबर उत्तर.

सोमवारी मी साडेसातलाच शाळेत पोहोचले. दीदी आल्याबरोबर त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं. किती वेळ बघितलं ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं. माणसाला कळतं तेव्हा डोळे एका जागी थांबतात, तसे त्यांचे त्या तिरक्या रेघेवर थांबले. मग त्यांनी कागदाची घडी घातली, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या की पालक येऊन जाऊ देत, मग आपण निवांत बघू. तिन्ही तुकड्यांत पंचावन्न बरोबर धरलंय, निकाल लागलेत, आता मध्येच गोंधळ नको.

मी म्हणाले, बरं.

आजही मला सगळ्यांत जास्त संताप येतो तो या 'बरं'चा. दीदींचा नाही. त्या आपली अब्रू वाचवत होत्या, ते समजू तरी शकतं. मी काय वाचवत होते?

दहा वाजता प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत सगळे जमलो. प्रिन्सिपलबाई मूळच्या इतिहासाच्या, शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. दोन मुलींचे वडील आले होते. एकाने तर आल्या आल्या हात जोडले आणि मुलीला माझ्यादेखत एक चापट मारली. माझ्यादेखत. मी खुर्चीत बसून होते. त्याने माफीनाम्यावर सही केली, मुलीने केली. दुसऱ्यानेही केली. दोन्ही कागद प्रिन्सिपलबाईंच्या टेबलावर एकावर एक गेले आणि मी काही बोलले नाही.

तिसऱ्या मुलीबरोबर तिची आई आली होती. काळा बुरखा, नकाब वर टाकलेला, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. ती घरी कुर्ते शिवत होती, चिकनच्या भरतकामवाल्यांकडून कापड बेतायला तिच्याकडे येत असे. तिच्यापुढे कागद सरकवला तेव्हा तिने पेन उचललं नाही. तिने अगदी अदबीने विचारलं की ज्या सवालावरून हे झालं, तो बघायला मिळेल का? दीदी म्हणाल्या, त्या त्रिकोणाचे दहा होतात, तुम्हाला त्यात काय समजणार. ती म्हणाली, समजलं नाही तर सही करते.

प्रश्नपत्रिका माझ्या मांडीवर होती. मी ती तिला दिली.

तिने आकृती पाहिली, त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर बोट टेकवलं, आणि पट्टीचा चौथा कोपरा आला असता त्या रिकाम्या जागी बोट ठेवून म्हणाली, "ये कली है। पूरी पट्टी बारह की, तो कली छह की। दस की कैसे होगी?"

तेव्हा मी उठले. उशिरा उठले, पण उठले. टेबलावरची पेन्सिल घेतली, प्रिन्सिपलबाईंच्या समोर कागद ठेवला आणि आयत वेगळा केला, चौरस वेगळा केला, त्रिकोणाभोवती त्याची चार बाय तीनची चौकट काढली. माझं हिंदी त्या दिवशी कुठेच अडखळलं नाही. मी सांगितलं की ही मुलगी बरोबर आहे, तिघी बरोबर आहेत, तालिका चूक आहे, आणि तालिका न पाहता आकृती पाहायची होती ती मी पाहिली नाही. दीदी म्हणाल्या की पाच सेंटिमीटर छापलेलं आहे. मी म्हणाले की पाच ही घसरगुंडी आहे, उंची तिच्यामागची शिडी आहे, ती तीन आहे, मोजा.

प्रिन्सिपलबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दीदींकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर सरकवून त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली. इतिहासाच्या बाई, बोटाने एकेक चौकोन दाबत, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत. मध्ये एकदा चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खोलीत आम्ही सात-आठ माणसं त्यांचं बोट बघत होतो. कापलेल्या चौकोनांपाशी आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, यांचं काय करायचं? त्या मुलीने उत्तर दिलं, "जो आधे से ज़्यादा है वो एक, जो कम है वो छोड़ दीजिए।" त्यांनी तसंच केलं. शेवटी बोट थांबलं.

"इक्यावन," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, झालं. आता त्या तिघींची माफी मागतील, कागद फाडतील. मी किती भाबडी होते! प्रिन्सिपलबाईंनी थोडा विचार केला आणि निर्णय दिला. तो प्रश्न रद्द. तीनही तुकड्यांत सगळ्यांना चार गुण. शून्य मागे घेतलं जाईल. तिसऱ्या मुलीच्या आईने सही करायची गरज नाही. पण दोघांनी सही केली आहे, ती आता फाइलमध्ये राहील, कारण एकमेकींच्या पेपरांत डोकावल्या नाहीत हे तरी कुठे सिद्ध झालंय?

मी विचारलं की बरोबर उत्तर काढणाऱ्या तिघींवर नक्कल केल्याचा संशय आणि चूक उत्तर काढणाऱ्या शंभरजणींवर नाही, हे कसं? त्या चूक उत्तर काढणाऱ्या सगळ्यांचंही उत्तर सारखंच होतं. त्यांनी ते कुठून घेतलं? दीदी खिडकीबाहेर बघत होत्या. प्रिन्सिपलबाई म्हणाल्या की तुम्ही नवीन आहात, बसा.

चापट मारणारा बाप पुन्हा हात जोडून बाहेर गेला. त्याला नीटसं कळलंच नसावं की त्याची मुलगी जिंकली होती. त्या बाईने मात्र जाताना माझ्यापाशी थांबून सलाम केला. मी तिची माफी मागायला लागले तर तिने मला मध्येच थांबवलं. हळू आवाजात म्हणाली, "हमसे नहीं, बच्चियों से कहिए।"

तिसरा तास माझा होता. मी वर्गात गेले, जाळीचा फळा भिंतीला टेकवून ठेवलेला असे तो उचलून पुढे लावला, आणि ती आकृती काढली. चौकोन मोजून काढली, घाई केली नाही. मग तिघींची नावं घेऊन त्यांना उभं केलं आणि बेचाळीस मुलींसमोर सांगितलं की यांनी नक्कल केली नव्हती. यांचं उत्तर बरोबर होतं, छापलेलं उत्तर चूक होतं, आणि मी न मोजता यांना चोर म्हणाले, मला माफ करा. आकृती तीन तऱ्हांनी तोडून दाखवली. प्रत्येक वेळी एक्कावन्न. ज्या मुलींनी पंचावन्न लिहिलं होतं त्या एकमेकींकडे बघत होत्या. एकीने विचारलं की मग दीदींनी हॉलमध्ये उजळणीत तिरकी बाजूच उंची धरायला सांगितली ते? मी म्हणाले, ते चूक होतं.

दोघी मुली खाली बघत उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. तिसरी सरळ माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी बसायला सांगितलं, ती बसली.

मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले आणि कारकुनाकडे सहावीची फाइल मागितली. ते दोन माफीनामे वरच होते. मी काढून घेतले. कारकून म्हातारा होता. त्याने पाहिलं, मग चहा आणायला उठून गेला. कागद मी त्या दोन मुलींच्या हातात दिले आणि सांगितलं की घरी जाऊन वडिलांसमोर फाडा, आणि बाईंनी फाडायला सांगितलंय असं सांगा. फाडले की नाही मला माहीत नाही. चापट मारणाऱ्या बापाने काय केलं असेल याचा विचार मी अजून करते.

आठवड्याभरात मला मेमो मिळाला. ऑफिसातली कागदपत्रं परवानगीशिवाय काढली, वरिष्ठ शिक्षिकेबद्दल विद्यार्थिनींसमोर अनुचित बोलले, खुलासा द्या. खुलासा मी दिला. सोबत ती आकृती जोडली, तीनही तऱ्हांनी सोडवून, आणि खाली लिहिलं की यात कुठे चूक आहे ते दाखवलं तर मी लेखी माफी देईन. उत्तर आलं नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला मला दिले नाहीत. पुढच्या वर्षी सहावी काढून घेतली आणि तिसरी दिली, बेरीज-वजाबाकी.

दीदी माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागल्या, हसून बोलल्या. तो घडी घातलेला कागद मात्र परत दिला नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना शाल दिली. मीही दिली वर्गणी. स्वतःवर धुसफुसत दिली.

आमची बदली लांबत गेली, आणि ती मुलगी दहावीपर्यंत त्याच शाळेत माझ्यासमोर होती. जिन्यात, मैदानावर समोर आली की "नमस्ते मिस" म्हणायची आणि पुढे जायची. कधी थांबली नाही, आणि मीही तिला थांबवलं नाही. तिने मला माफ करावं असं मला फार वाटत होतं. पण माफ करायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं होतं, आणि माफ न करायला मी तिला पुरेसं कारण दिलं होतं.

माझा स्वभाव त्या वर्षापासून चिडका झाला, असं यजमान म्हणतात. असेल. बदली होऊन आम्ही परत आलो, मी इकडच्या शाळेत लागले, शेकडो पेपर तपासले. उत्तरतालिका समोर आली की मी आधी ती उलटी ठेवायचे आणि स्वतः गणित करायचे. बरोबरीच्या बाया म्हणायच्या की कशाला वेळ घालवता, छापलंय ना. त्यावर मी जे बोलायचे ते ऐकून त्या माझ्याशेजारी बसायचं टाळत.